लिफ्टबाबत चर्चा झाली

सभेचं इतिवृत्त लिहायला मला बसवलं त्याचं कारण एवढंच की मी भराभर टाइप करते. जुन्नरात एका ई-सेवा केंद्रात कामाला आहे मी. दिवसभर दाखले, सातबारे, पीकविम्याचे फॉर्म. समोरचा बोलत असतो आणि माझी बोटं त्याच्या पुढं पळत असतात. बिल्डिंगमध्ये हे सगळ्यांना माहीत. त्यामुळं सोसायटी करायची ठरली तेव्हा गुरुजी म्हणाले, "पोरगी लिहील." झालं. मला कुणी विचारलंच नाही, आणि खरं सांगायचं तर मला आवडलंच होतं. लॅपटॉप घेऊन सगळ्यांच्या मधोमध बसायचं, किती भारी.

आता सगळं नीट सांगते, नाहीतर मी पुढचं आधी सांगते अशी माझी सवय आहे.

आमची बिल्डिंग सोळा फ्लॅटांची. बारा विकलेले, चार अजून बिल्डरकडं पडून. आम्ही चौथ्या मजल्यावर, ४०१. मूळचे आम्ही खोडदचे, वडील अजून तिथंच असतात, गाया आहेत, शेत आहे, आठवड्यातून दोनदा दूध-भाजी घेऊन येतात. माझी नोकरी आणि आईच्या गुडघ्याचे डॉक्टर दोन्ही जुन्नरात, म्हणून फ्लॅट घेतला. घेतला आईच्या नावावर, कारण बाईच्या नावावर घेतलं की स्टॅम्प ड्युटी जरा कमी बसते. म्हणजे कागदावर फ्लॅटची मालक आई.

आणि बिल्डर म्हणजे आमचा मामा. सख्खा नाही. आईच्या माहेरचा, लोणीचा, एकाच आळीतला. आई त्याला भाऊ मानते, तो तिला आक्का म्हणतो, भाऊबीजेला येतो, साडी आणतो. चौथा मजला त्यानंच सुचवला. "आक्का, वर हवा लई. गॅलरीतून लेण्याद्रीचा डोंगर दिसतोय. अन् लिफ्ट हाये, तुला काय चढायचंय."

चाव्या त्यानं 'फर्निचर करून घ्या' म्हणून दिल्या. तेव्हा भोगवटा प्रमाणपत्र आलेलं नव्हतं. ते नसताना खरं तर राहायला जायचं नसतं, हे मी स्वतः केंद्रात चार लोकांना सांगितलं असेल. पण सगळ्यांनीच सामान टाकलं, आम्हीपण टाकलं. मामाच तर होता.

दोन महिन्यांनी आई बाजारातून येताना लिफ्टमध्ये अडकली. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधे. लाइट गेली नव्हती काही, दरवाजाच नीट लागला नाही आणि लिफ्ट थांबली. मी केंद्रात होते. दुसऱ्या मजल्यावरचे एक आहेत, सगळे त्यांना भाऊच म्हणतात, त्यांनी आणि साइटच्या सुपरवायझरनं दार फाकवून, आत स्टूल टाकून तिला ओढून काढलं. पाऊण तास गेला. आई म्हणते की आत तिनं मेथीची जुडी निवडली, नाहीतर ओरडत बसले असते. पण बाहेर काढताना गुडघा मुरगळला तो मुरगळलाच. नंतर कळलं की लिफ्टला लायसनच नव्हतं, तपासणीच झाली नव्हती. मामानं लिफ्टची चावी काढून घेतली आणि म्हणाला, आता तपासणी झाल्याशिवाय चालू करायची नाही. बरोबरच होतं ते. फक्त तपासणी काही होईना.

त्याला सात महिने झाले होते. सात महिन्यांत आई तीनदा खाली उतरली, तिन्ही वेळा डॉक्टरकडं, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, दोघांनी उचलून. तिसऱ्या वेळी वर आल्यावर म्हणाली, "आता नको. जितेपणी खांदा नको मला." मग गुडघ्याच्या गोळ्या मीच आणायला लागले. ती सकाळी गॅलरीत बसायची, दुपारी गॅलरीत बसायची. खालून जाणाऱ्या बायकांशी वरून बोलून बोलून तिचा आवाज बसला होता.

म्हणून मला ही सभा हवी होती. हस्तांतरणाची सभा. बिल्डरनं बिल्डिंग सोसायटीच्या ताब्यात द्यायची, काय काय अपुरं आहे आणि कोणते कागद द्यायचेत ते लेखी करायचं. त्यात लिफ्टची तारीख आली, की आई खाली. मी इतकं सोपं धरून चालले होते.

सभेच्या सकाळी सुपरवायझर हजेरीचं रजिस्टर घेऊन दारोदार फिरला. आमच्याकडं ग्रामसभेचं रजिस्टर असंच घरोघर फिरतं. कोरम भरायला लागतो, लोक रानात असतात, मग शिपाई बांधावर जाऊन सही घेतो. कुणाला त्यात काही वाटत नाही. सुपरवायझर दारात आला, मीच रजिस्टर हातात घेतलं, ४०१ च्या ओळीवर बोट ठेवलं आणि आईला म्हटलं, इथं कर. तिनं केली. मी चहा गाळत होते, घाई होती.

खाली बिल्डिंगच्या पुढच्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. मामानं पोहे आणि जिलेबी आणली होती, सगळ्यांना स्वतः वाढत होता. माझा लॅपटॉप रंगाच्या उपड्या डब्यावर. अध्यक्ष गुरुजी, पहिल्या मजल्यावरचे, निवृत्त शिक्षक. आधीच्या सभेत त्यांनाच मुख्य प्रवर्तक केलं होतं, म्हणजे सोसायटीची नोंदणी होईपर्यंत सगळे कागद त्यांच्या सहीनं. त्यांनी सुरुवातीलाच सांगितलं, "प्रत्येक मुद्द्याला तीन गोष्टी. काय राहिलंय, कोण करणार, कधीपर्यंत. तिन्ही आल्याशिवाय पुढं जायचं नाही."

पहिला मुद्दा गच्ची. वॉटरप्रूफिंग एका कोपऱ्यात उखडलंय, खालच्या फ्लॅटच्या छताला ओल. मामा म्हणाला, "करून देतो. कांदा एकदा भरला की माणसं मोकळी व्हत्यात."

"कांदा कधी भरतो ते कॅलेंडरात नाही," गुरुजी म्हणाले. "तारीख सांगा."

"गुरुजी, शाळेत बी आसंच करायचे का ओ तुमी?"

"शाळेत छडी होती."

सगळे हसले. मामाही हसला, आणि तारीख दिली. मी टाइप केली.

दुसरा मुद्दा पार्किंगचा उतार. पाणी बाहेर जायच्या ऐवजी आत येतं. दुसऱ्या मजल्यावरचे भाऊ उठले. ते मेंढपाळांच्या घरातले, त्यांचे चुलते अजून मेंढरं घेऊन फिरतात, आणि ते स्वतः कमी बोलतात पण बोलले की झालं. "आमच्या मेंढरांना कळतं पाणी कुणीकडं जातंय," ते म्हणाले. "तुमच्या इंजिनिअरला न्हाई कळलं राव."

असं चाललं होतं. पाण्याच्या टाकीचं झाकण, जिन्यातले दिवे, तिसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीचा हलणारा कठडा. मग कागद, त्यांची यादी वेगळी. मंजूर नकाशे, बिगरशेतीचा आदेश, भोगवटा प्रमाणपत्र, इमारत मजबूत असल्याचा इंजिनिअरचा दाखला, पंपाच्या वॉरंटीचे कागद, आणि शेवटी जमिनीचं खरेदीखत सोसायटीच्या नावे करून देणं. कुठला कागद आहे, कुठला यायचाय, कधी देणार. गुरुजींनी हेही लिहायला लावलं की ताब्यापासून पाच वर्षं बांधकामातला दोष बिल्डरनं स्वखर्चानं दुरुस्त करायचा, तो कायदाच आहे, या सभेनं तो संपत नाही. माझी बोटं नुसती पळत होती. मी खूश होते. जिलेबी एका हातानं खात होते.

"मुद्दा सहा," गुरुजी म्हणाले. "लिफ्ट."

मामानं माझ्याकडं बघितलं. गुरुजींकडं नाही, माझ्याकडं.

"लिही, लिफ्ट बसवलेली हाये," तो म्हणाला.

"ते दिसतंय," भाऊ म्हणाले. "चालत न्हाई ते लिहा."

"आवो चालतीय ती. लायसन तेवढं प्रोसेसमधी हाये." मग तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि आवाज खाली केला. "बाळा, हे बघ. चार फ्लॅट जायचेत अजून. गिऱ्हाईक सोसायटीचे कागद मागतंय. त्यात लिफ्ट बंद आसं लेखी आलं की वरच्या मजल्याला कोण हात लावंल? मी करणारच हाये की. आक्का वर हाये म्हणल्यावर मला झोप येती का?"

"मग तारीख द्या ना मामा."

त्यानं फोन काढला, आईला लावला, स्पीकरवर टाकला. चौथ्या मजल्यावर आमच्या गॅलरीत फोन वाजलेला मला वरून ऐकू आला.

"आक्का, पोरीला सांग जरा. लिफ्टचं लिहिती म्हणतीय."

वर बघितलं तर आई कठड्याला धरून उभी. फोन कानाला आणि नजर खाली आमच्यावर. आवाज दोन्हीकडून येत होता, फोनमधून आणि वरून, एक थोडा मागं.

"नको लिहू गं," ती म्हणाली. "चार माणसांत भावाला नको खाली बघायला लावू."

सगळे ऐकत होते. आता तो घरातला मामला झाला ना, भावाबहिणीचा, त्यात कोण बोलणार. कुणीतरी पोह्याची प्लेट खाली ठेवली, तेवढाच आवाज. गुरुजींनी चष्मा काढून पुसला. मला वाटलं ते काहीतरी म्हणतील. ते म्हणाले, "तुमच्यात ठरवा काय ते."

मी तिथं रंगाच्या डब्यासमोर बसले होते आणि मला उठता येत नव्हतं. लिहिलं तर आईचं माहेर जातं. नाही लिहिलं तर आई वरच राहते. आणि तीच म्हणतेय नको लिहू. कर्सर लुकलुकत होता. आयुष्यात पहिल्यांदा माझी बोटं थांबली असतील. मग मी टाइप केलं: 'लिफ्टबाबत चर्चा झाली.'

मामा वाचून म्हणाला, "झ्याक." खांद्यावर थोपटलं. भाऊंनी मान फिरवली.

केंद्रात असली वाक्यं मी रोज बघते. 'योग्य ती कार्यवाही करण्यात येईल.' ते ज्यानं लिहिलं असेल तो कसा बसला असेल लिहायला, हे मला त्या दिवशी कळलं.

प्रिंट काढून आणली. गुरुजींनी वाचली, खाली सगळ्यांच्या सह्या सुरू झाल्या. ४०१ ची सही राहिली. "वर जाऊन घेऊन ये," मामा म्हणाला. मी गेले. चौसष्ट पायऱ्या आहेत, मी मोजल्यात, त्या दिवशी सगळ्या मोजल्या.

आई खुर्चीत बसली होती, चष्मा हातात. "वाच," म्हणाली.

"सही कर ना आई. सगळे थांबलेत."

"वाचल्याबिगर सही करत न्हाई मी. वाच."

मी वरून वाचायला घेतलं. सभेची तारीख, ठिकाण, अध्यक्ष. हजर सदस्य. एकशे एक, एकशे दोन, असं करत चारशे एक.

"थांब," ती म्हणाली. "चारशे एक कोण?"

"आपण."

"मी कुठं हजर व्हते?"

"अगं, सकाळी सही केलीस ना रजिस्टरात."

"त्ये हजेरीचं व्हतं?" तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी कागदात बघायला लागले. "तू म्हणलीस कर, मी केली. तू वाचून न्हाई दाखावलंस."

इथं आईबद्दल एक सांगायला पाहिजे. खोडदला ती अकरा वर्षं बचत गटाची सचिव होती. हजेरीच्या बाबतीत तिच्याइतकी कडक बाई मी बघितली नाही. कुणी आलं नाही आणि दुसरीनं तिची सही ठोकली, तर दोघींना दंड. स्वतःच्या जावेला केला होता, जाऊ सहा महिने बोलत नव्हती. जी यायची नाही तिच्या नावापुढं आई 'गैरहजर' लिहायची आणि पुढं कारण. बाळंतपण. मयत. माळव्याची तोडणी. कारण लिहिल्याशिवाय रजिस्टर मिटायची नाही.

"खोड त्ये, रजिस्टरातलं बी," ती म्हणाली. "मी सभेला गेले न्हाई. गेले न्हाई तर न्हाई."

"मग काय लिहू?"

"गैरहजर."

मी पेनानं लिहिलं.

"कारण?" तिनं विचारलं. मलाच विचारलं, गटातल्या बाईला विचारावं तसं.

मी पेनचं टोपण लावायला लागले.

"लिफ्ट बंद हाये. उतरता आलं न्हाई," ती म्हणाली. "लिही. खरं हाये का न्हाई?"

"पण तूच म्हणालीस, लिफ्टचं लिहू नको."

"मी भावाची तक्रार कुठं केली? माझी गैरहजेरी मांडतीय." मग म्हणाली, "अन् पुढं काय लिहिलंय त्ये वाच. लिफ्टचं."

मी वाचलं. लिफ्टबाबत चर्चा झाली.

"मग मी कधी उतरायची, त्ये कुठंय यात?"

मी सांगितलं, नाहीये. तिनं फक्त मान हलवली. त्यापेक्षा ती ओरडली असती तर बरं.

खाली आले. गुरुजींनी खाडाखोड बघितली, दोनदा वाचली, आणि मोठ्यानं सगळ्यांसमोर वाचून दाखवली. "सदनिका चारशे एक, गैरहजर. कारण, लिफ्ट बंद असल्यामुळं उतरता आलं नाही." मग मामाकडं वळले. "हजेरी आहे ही. यात मला बदल करता येत नाही. त्या आल्या नाहीत हे तर खरंय ना?"

मामा हसायला गेला आणि त्याला हसता आलं नाही. उठला, कागद घेतला, म्हणाला, "मी बोलतो आक्काशी." आणि जिना चढायला लागला. मी मागं. तिसऱ्या मजल्यावर तो थांबला, कठड्याला टेकला, घाम पुसला. मामाचं वजन चांगलंय. सात महिन्यांत तो आमच्याकडं एकदाही वर आला नव्हता, फोनच करायचा. हे मला तिथं त्याला धापा टाकताना बघून आठवलं.

आईनं पाणी दिलं. तो प्यायला. बराच वेळ दोघंही लोणीचंच बोलले, कुणाची तब्येत, कुणाचं लग्न. मी दारात उभी. मग तो म्हणाला, "आक्का, त्ये तेवढं काढ. चार फ्लॅट आडकल्यात माझे."

"तुझं चार आडकल्यात," आई म्हणाली. "मी बी आडकलीय."

"तसं न्हाई गं. गिऱ्हाइकानं वाचलं तर..."

"गिऱ्हाईक फ्लॅट बघाया येतंय ना? तवा वर बघतंय. मी गॅलरीतच असते. मला इचारलं, मावशी लिफ्ट कशी हाये, तर मी काय सांगू त्ये सांग. तू सांगशील तसं सांगते."

मामा भिंतीकडं बघत बसला. मग खरं काय ते बोलला. लिफ्ट बसवणारा दुसऱ्या साइटवर निघून गेलाय, दरवाज्याचं काम अर्धं टाकून. ते पुरं झाल्याशिवाय तपासणीला बोलावताच येत नाही. आणि त्यानं अजून तपासणीचा अर्जच केला नव्हता. प्रोसेसमध्ये काहीच नव्हतं. हे बोलताना तो माझ्याकडं बघत नव्हता, आईकडंही नाही.

"मग मला आजवर का न्हाई म्हणलास?" आईनं विचारलं.

"काय सांगू. तुला मीच चढावलं वर."

आईनं कागद त्याच्यापुढं सरकवला आणि मला म्हणाली, "पेन दे मामाला."

त्यानं सहाव्या मुद्द्याखाली स्वतःच्या हातानं लिहिलं. दरवाज्याचं काम कुठल्या तारखेपर्यंत, तपासणीचा अर्ज कुठल्या तारखेला, आणि लायसन आल्यावर लिफ्ट चालू करून द्यायची शेवटची तारीख. लायसन येईपर्यंत चावी गुरुजींकडं. खाली सही. अक्षर लहान मुलासारखं आहे त्याचं. मी 'चर्चा झाली' वर रेघ मारली, आणि मग आईनं सही केली, सभेच्या हजेरीत नाही, वाचून दाखवल्याबद्दल.

खाली गेल्यावर गुरुजींनी सगळं परत टाइप करायला लावलं आणि पुन्हा सह्या घेतल्या. हातानं लिहिलेला कागदही मागं जोडला. भाऊ सही करताना म्हणाले, "आता जिलेबी गोड लागंल." संपली होती जिलेबी.

हे होऊन आता अडीच महिने झाले. मामानं दिलेली शेवटची तारीख जाऊन नऊ दिवस झाले. दरवाज्याचं काम झालं. अर्ज झाला, त्याची पोच गुरुजींच्या फायलीत आहे. तपासणीला साहेब आले, बघितलं, आणि दरवाज्यातला एक सेन्सर बदलायला सांगून गेले. तो पुण्याहून यायचाय. मी मुद्दा क्रमांक सहाचा उल्लेख करून स्मरणपत्र टाइप केलं, गुरुजींनी सही केली, मामानं ते घेतलं आणि पोच म्हणून त्यावर सही दिली. काही कुरकुर केली नाही. भाऊबीज यायचीय अजून. साडी येते का ते बघायचं, असं आई म्हणते आणि विषय बदलते.

काल दोन माणसं शाफ्टमध्ये काम करत होती. आमच्या मजल्यावरचं लिफ्टचं दार उघडं होतं, आडवी दोरी बांधलेली. आई खुर्ची घेऊन दोरीच्या अलीकडं बसली होती आणि खाली अंधारात वाकून विचारत होती, सेन्सर कधी निघालाय पुण्याहून, कुणाच्या गाडीत, चिठ्ठी हाये का काही. खालून माणूस म्हणाला, "येईल की मावशी एक-दोन दिवसांत."

"एक का दोन?" आईनं विचारलं.